कॅल्शियम आणि न जुळणारे हाड

“पाच महिने झाले, नडगीचे हाड जुळले नाही, कॅल्शियमच कमी पडले असेल ना?”

बहुतेक वेळा नाही. मोडलेल्या जागी प्रथम रक्ताची गुठळी होते, तिच्यात नव्या केशवाहिन्या आणि मूळपेशी शिरतात, आणि दोन-तीन आठवड्यांत या पेशी कूर्चेचा मऊ जोड विणतात. पुढे अस्थिजनक पेशी त्याजागी हाड रचतात; कॅल्शियम बसते ते या रचनेवर. पेशीच पोहोचल्या नाहीत, तर गोळ्या काय करणार?

समजा, सीताबर्डीवर दुचाकी घसरून एखाद्याची नडगी खालच्या तिसऱ्या भागात मोडली. तिथे स्नायूंचे आवरण तुटपुंजे, म्हणून रक्तपुरवठाही तोकडा. त्यात सिगारेट किंवा आपल्याकडचा खर्रा चालू असेल, तर निकोटिन रक्तवाहिन्या आणखी आकसवते. अशा वेळी एक्स-रेमध्ये टोके निमुळती, कोरडी दिसतात आणि नवे हाड दिसत नाही. तिथे बहुधा अस्थिरोपण लागते. याउलट टोकांभोवती हाडाचा फुगवटा असूनही मधली फट काळी राहिली, तर पेशी जिवंत आहेत, फक्त हालचाल जास्त आहे. तिथे सळई वा प्लेटने पक्के केले की हाड बहुधा जुळते. ड जीवनसत्त्वाची कमतरता मात्र रक्त तपासून जरूर भरून काढावी.