वहीतला शेरा मुलाला काय करायला सांगतो?

शाळेत वह्या तपासल्या गेल्या का, हे पाहायची आपली पद्धत ठरलेली आहे. मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख वही उघडतात, पानोपानी लाल खुणा आणि खाली सही-तारीख दिसली की काम चोख झाले म्हणतात. पालकही तेच पाहतात. जितकी लाल शाई जास्त तितके शिक्षक मेहनती, हा समज इतका पक्का बसला आहे, की तो शेरा वाचून मुलाने पुढे काय करायचे हे कोणी विचारतच नाही. पण निबंध तपासता येतो तसा शेराही तपासता येतो.

नमुना म्हणून आठवीच्या निबंधातला एक रचलेला उतारा घेऊ. विषय नागपूरच्या मुलांचा हक्काचा, मारबत, म्हणजे पोळ्यानंतर निघणारी मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक; त्यातले बडगे म्हणजे चालू घडामोडींवर टीका करणारे पुतळे. “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. खूप गर्दी असते. मिरवणुक बघायला आम्ही जातो. काळी आणि पिवळी मारबत भेटतात तेव्हा सगळे ओरडतात. बडगे पण असतात. मला खूप मजा येते. ही परंपरा आपण जपली पाहिजे.” या पानावर पाच शेरे आहेत, असे समजू. ‘खूप गर्दी’पाशी ‘वर्णन हवे’. ‘मिरवणुक’भोवती नुसते वर्तुळ. समासात ‘लक्ष देत नाहीस!’. बडग्यांच्या ओळीपाशी ‘यंदाचा कोणता बडगा पाहिलास? तो कशावर होता? दोन वाक्यांत लिही.’ आणि शेवटी ‘छान. मुद्देसूद लिही.’

प्रत्येक शेरा वहीतून उचलून वेगळ्या कागदावर एकेका ओळीत उतरवायचा आणि त्याला तीन प्रश्न विचारायचे. तो नेमक्या कोणत्या जागेबद्दल आहे? तो लिखाणाबद्दल बोलतो की मुलाबद्दल? तो वाचून मूल आज, या पानावर, काय करू शकते? प्रत्येक प्रश्नाला शून्य, एक किंवा दोन गुण.

पहिल्या प्रश्नासाठी सोपी कसोटी म्हणजे अदलाबदल. हा शेरा शेजारच्या मुलाच्या वहीत चिकटवला तर खपेल का? ‘मुद्देसूद लिही’ कोणत्याही वहीत खपतो, म्हणून शून्य. बडग्याचा शेरा याच वहीचा आहे, म्हणून दोन. अमेरिकेत नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ साली पस्तीस शिक्षकांचे शेरे अभ्यासले, तेव्हा त्यांना हेच दिसले होते: बहुतेक शेरे रबरी शिक्क्यासारखे, एका निबंधावरून उचलून दुसऱ्यावर मारता येतील असे.

तिसऱ्या प्रश्नात वर्तुळाची गंमत बघा. चूक नेमकी दाखवली आहे, म्हणजे पहिल्या प्रश्नाला दोन गुण. पण मुलाला वर्तुळातून एवढेच कळते की काहीतरी चुकले. ते ‘मिरवणूक’ असे दुरुस्त करते, ते बरोबर. पुढच्या निबंधात मात्र तोच धडा लावून ‘मिरवणूकीत’ लिहिते, आणि तिथे पुन्हा वर्तुळ पडते! कारण मूळ शब्दातला दीर्घ ‘णू’ प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो: मिरवणूक, पण मिरवणुकीत. वर्तुळाऐवजी समासात ‘मिरवणूक – मिरवणुकीत; बंदूक, वसाहत... यांतला कोणता शब्द असाच बदलतो?’ एवढे लिहिले तर मुलाच्या हातात नियम येतो. एका निबंधात असा एकच नियम पुरे. पंधरा वर्तुळांतून एकही पक्का होत नाही.

आता दुसरा प्रश्न, सुराचा. इथे शास्त्र सगळ्यात रोचक होते. क्लुगर आणि डिनिसी या दोन अभ्यासकांनी १९९६ साली अभिप्रायावरचे जुने प्रयोग एकत्र करून सहाशेहून अधिक निष्कर्ष तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदाच दिसला. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर कामगिरी घसरली होती. त्यांनी मांडलेले कारण लक्ष या गोष्टीशी जोडलेले आहे. माणसाचे लक्ष एका वेळी मर्यादित गोष्टींवर राहते. शेरा वाचून ते कामाच्या तपशिलावर गेले तर माणूस दुरुस्ती करतो. ते ‘मी कसा आहे’ याकडे वळले, तर तेवढे लक्ष कामातून वजा होते. ‘लक्ष देत नाहीस!’ वाचून मूल स्वतःचा बचाव मनात मांडत बसते, गर्दीचे वर्णन तिथेच राहते. आणि हे फक्त रागावण्याला लागू नाही. ‘हुशार आहेस’ हे कौतुकही मुलाबद्दलच बोलते, लिखाणाबद्दल नाही. म्हणून सूर तपासताना गोड की कडू हे न पाहता वाक्याचा कर्ता पाहावा. ‘तू’ आहे, की ‘हे वाक्य’, ‘हा परिच्छेद’? ‘तू’ असला तरी पुढे लिहिण्याची कृती असेल, जसे ‘तू काय पाहिलेस ते लिही’, तर चालते. लाल शाई सोडून हिरवी वापरली की मुले खुलतात, असे कार्यशाळांतून सांगितले जाते. शाईचा रंग बदलून वाक्याचा कर्ता बदलत नाही.

एकट्याने गुण दिले तर ते आपल्याच मनाचे झाले, ही शंका रास्त आहे. म्हणून दोघांनी, एकमेकांना न दाखवता, तेच वीस शेरे तपासावेत आणि प्रत्येकाला ‘कृती करता येते’ किंवा ‘येत नाही’ एवढेच लिहावे. समजा दोघांनीही चौदांना ‘येते’ म्हटले, आणि वीसपैकी सोळा ठिकाणी दोघांचे जुळले. ८० टक्के एकमत, भारीच वाटते. पण दोघेही ७० टक्के वेळा ‘येते’च म्हणत असतील, तर डोळे मिटूनही काही जुळणारच. दोघांचे ‘येते’ योगायोगाने जुळण्याची शक्यता ०.७ × ०.७ म्हणजे ०.४९. दोघांचे ‘येत नाही’ जुळण्याची ०.३ × ०.३ म्हणजे ०.०९. बेरीज ०.५८. म्हणजे ५८ टक्के एकमत फुकटचे! उरलेल्या ४२ पैकी आपण ८० वजा ५८, म्हणजे २२ कमावले. २२ भागिले ४२, सुमारे ०.५२. या आकड्याला कोहेनचा ‘कॅपा’ म्हणतात, तो १९६० सालचा. पूर्ण एकमत असेल तर तो १ येतो, निव्वळ योगायोग असेल तर ०. अर्ध्यावर अडकला असेल तर न जुळलेले चार शेरे समोर ठेवून बोलावे. बहुधा तिथे ‘वर्णन हवे’सारखे शेरे सापडतात. शिक्षकाला ते स्पष्ट वाटतात, कारण गर्दीचे चित्र त्यांच्या डोक्यात तयार असते. मुलाला लागतो तो प्रश्न असा: ‘तू कुठे उभा होतास? कानावर काय पडत होते?’ मग ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी आपसूक निबंधात येते.

वह्या निवडताना वर्गातल्या पाच पुरेत, पण त्यात पुढची, मधली आणि मागे पडलेली अशी सगळी मुले असावीत. मागे पडलेल्यांच्या वहीत आशयाबद्दल एक तरी शेरा आहे का, की सगळे ऱ्हस्व-दीर्घच, हे वेगळे मोजावे.

यानंतरची कसोटी दुसऱ्या खर्ड्याची. वही परत देताना गुण लिहू नयेत. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांच्या १९८८ सालच्या अभ्यासात नुसते शेरे मिळालेल्या मुलांची गोडी आणि कामगिरी टिकली. शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा शेऱ्याचा तो फायदा उरला नाही. म्हणून सहा बाय दहा नंतर. आधी मुलाला पंधरा मिनिटे त्याच पानावर काम करू द्यावे आणि दोन्ही खर्डे शेजारी ठेवावेत. कोणत्या शेऱ्यानंतर ओळ बदलली, कोणत्यानंतर नाही, हे पेन्सिलीने खूण करून पाहावे. बडग्याच्या दोन ओळी आल्या असतील, ‘मुद्देसूद’ जिथल्या तिथे असेल. आणि वर्तुळातला शब्द सुधारून पुढच्याच ओळीत ‘मिरवणूकीत’ लिहिलेले असेल, तर त्या वर्तुळाच्या जागी काय लिहायचे ते त्याच दिवशी ठरवावे.