मॉकलीचा पी मोठा आला, तरी थांबू नका

त्याच व्यक्तींची अनेक स्थितींत मोजणी करणाऱ्या रिपीटेड मेझर्स अनोव्हात कोणी म्हणतं, “मॉकली चाचणीचा पी ०.०५ पेक्षा मोठा आला, म्हणजे स्फेरिसिटी आहे, दुरुस्ती नको.”

लहान नमुन्यात ही चाचणी दुबळी असते. स्फेरिसिटीत बिघाड असूनही तिला तो दिसत नाही. तो स्वतः तपासता येतो. तीन स्थितींतल्या गुणांच्या जोडीजोडीने वजाबाक्या करा आणि प्रत्येक वजाबाकीचा व्हेरिअन्स काढा. स्फेरिसिटी म्हणजे हे तिन्ही व्हेरिअन्स समान असणं. मूळ गुणांचे नव्हे.

समजा, ८ जणांत ते १०, १२ आणि ३२ आले. मॉकलीचा पी सुमारे ०.०६, म्हणजे ‘सगळं ठीक’. पण हा बिघाड मोजणारा ग्रीनहाउस-गाइसर एप्सिलॉन फक्त ०.६२ (तीन स्थितींत किमान ०.५, आदर्श १). दुरुस्ती म्हणून त्याने गुणल्यावर स्वातंत्र्यांश २ आणि १४ वरून १.२४ आणि ८.७ वर येतात. आधी सार्थ वाटलेला एफ = ४.२ आता सार्थ राहत नाही. म्हणून मी तरी मॉकलीकडे न पाहता दुरुस्तीच वापरते.