फोटोखालच्या दोन ओळी : प्रदर्शन लावणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गावजीवनाच्या फोटोंचं प्रदर्शन लावताना प्रत्येक फोटोखाली दोन ओळींची कविता हवी, असं सांगणारे ग्राहक आमच्याकडे नेहमी येतात. फोटो छापणं आणि फ्रेम करणं ही कामं आम्ही करतोच, पण ओळी लिहून घेताना काय बघायचं, हे तुम्हाला आधी माहीत असलं तर काम चांगलं होतं. म्हणून हे पत्रक.

या कामाला आम्ही लहान अभंगाचा साचा वापरतो. दोन चरण, प्रत्येकात आठ अक्षरं आणि शेवटी यमक, एवढीच त्याची बांधणी. मोजताना लिहिलेलं अक्षर धरायचं. जोडाक्षर एकच, काना-मात्रा-वेलांटीसह अक्षरही एकच. ‘काट्यावर’ म्हणजे का-ट्या-व-र, चार अक्षरं. मुक्तछंदातल्या लांब ओळी पाहणारा उभ्या उभ्या वाचत नाही, तो पुढच्या फोटोकडे सरकतो. आठ अक्षरं मात्र एका नजरेत वाचून होतात, आणि मराठी कानाला ती लय लहानपणापासून ठाऊक असते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. फोटोत कापूस वेचणारी बाई आहे. कमरेला ओटी बांधलेली, हात बोंडावर, बोटांच्या टोकांना ओरखडे. अशा फोटोसाठी पहिल्या खर्ड्यात बहुधा असं काहीतरी येतं :

पांढऱ्या सोन्याच्या रानी
वेचते ग माय राणी

अक्षरं बरोबर आठ-आठ आहेत. तरी आम्ही या ओळी छापायला देत नाही. ‘पांढरं सोनं’ कापसाच्या प्रत्येक बातमीत आणि भाषणात येऊन गेलंय, ते वाचून कुणी थांबत नाही. ‘वेचते’ हे तर फोटोच सांगतोय. आणि दिवसभर उन्हात वाकलेल्या बाईला ‘राणी’ म्हटलं की तिच्या कामावर पडदा पडतो. ‘रानी-राणी’ हे यमकही न आणि ण वर कसंबसं उभं आहे.

मग आम्ही फोटो काढणाऱ्याला विचारतो, की या क्षणाच्या आधी आणि नंतर काय घडलं? वेचणीची मजुरी किलोवर मिळते. संध्याकाळी वावराच्या कडेला काटा टांगला जातो, प्रत्येकीचं गाठोडं त्यावर चढतं आणि जेवढा आकडा तेवढे पैसे. फोटोत हा काटा नाही. म्हणून तो ओळीत आणायचा :

दिसभर चाले बोट
काट्यावर तुले पोट

पहिला चरण फोटोला धरून आहे, कारण बोटं समोर दिसतात. दुसरा चरण पाहणाऱ्याला फ्रेमच्या बाहेर, संध्याकाळच्या मापाकडे नेतो. पहिल्यात दिसतं ते, दुसऱ्यात दिसत नाही ते, ही वाटणी बहुतेक फोटोंना लागू पडते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळच्या खांदशेकणीचा फोटो घ्या. बैलाचा खांदा आणि त्यावर लोणी-हळद चोळणारा हात एवढंच त्यात आहे. झूल, बाशिंगं, तोरण, मिरवणूक हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. ओळी अशा झाल्या :

साल गेलं जुवाखाली
खांद्याला हळद आली

इथे वर्षभराचं ओझं पहिल्या चरणात गेलं आणि डोळ्यांसमोरची हळद दुसऱ्यात आली, म्हणजे वाटणी उलटी झाली. ते चालतं. लयीकडेही लक्ष द्या. वरचा चरण चार-चार अक्षरांवर सरळ तुटतो, खालचा तीन-तीन-दोनवर. त्यामुळे ‘हळद’ शब्दाशी वाचणारा किंचित थबकतो, आणि नजरही तिथेच थांबायला हवी असते. पण सगळ्याच फोटोंना असा अडथळा दिला तर कान कंटाळतो. वीस फोटोंत तो दोन-तीनदा पुरे.

आवाज असलेल्या फोटोंसाठी आम्ही वेगळा विचार करतो. भंडारा-गोंदियाकडच्या भाताच्या रोवणीचे फोटो दिसायला सारखे असतात. वाकलेल्या पाठी, गुडघ्याएवढा चिखल, हातात पऱ्ह्याच्या जुड्या. पण रोवताना बाया गातात, आणि तेच कॅमेऱ्यात येत नाही :

चिखलात पाय अडे
गाणं जाई धुऱ्याकडे

गाव, तालुका, महिना, साल ही माहिती कवितेत कोंबू नका. ती खाली लहान अक्षरांत वेगळ्या ओळीत द्यावी. ओळींनी माहितीही सांगायची ठरवली की आठ अक्षरांत गावाचं नाव बसवण्याची ओढाताण सुरू होते आणि कविता मरते.

ज्या माणसाचा चेहरा ओळखू येतो, त्याला त्याच्या फोटोच्या ओळी वाचून दाखवाव्यात, हा आमचा आग्रह आहे. फोटो काढायला होकार देणारी बाई ‘काट्यावर तुले पोट’ या शब्दांनाही होकार देईलच असं नाही. तिला ते खटकलं तर ओळ बदलायची. गावातलं कुणी प्रदर्शनाला आलं आणि स्वतःच्या फोटोखाली अनोळखी दुःख वाचून गेलं, तर चांगल्या छपाईचा काय उपयोग?

आता छपाईबद्दल. फोटोचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर ठेवतो, आणि ओळींची पाटी फोटोच्या खाली, उजव्या कडेशी जुळवून. पाटी पाच मिलिमीटर जाडीच्या सनबोर्डवर, म्हणजे हलक्या फोमच्या फळीवर, आणि वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर हॉलमधल्या दिव्यांची झळाळी येते आणि ओळी वाचायला मान वाकडी करावी लागते. अक्षर २८ पॉइंटच्या खाली घेत नाही. एकाच पॉइंटमध्ये देवनागरी इंग्रजीपेक्षा लहान दिसते, आणि वरच्या-खालच्या मात्रा एकमेकींना लागू नयेत म्हणून दोन ओळींत अक्षराच्या दीडपट अंतर लागतं.

सर्वाधिक घोळ अक्षरांचाच होतो. ओळी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आल्या की युनिकोडमध्ये बदलताना ‘धुऱ्याकडे’चं ‘धुर्याकडे’ होऊ शकतं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींची सोय चालू नसेल तर वेलांटी जागा सोडते आणि ‘चिखलात’ हे ‘चखिलात’ दिसतं. स्क्रीनवर नजर सहज त्यावरून घसरते, भिंतीवर मात्र ते प्रत्येकाला दिसतं. म्हणून मजकूर व्हॉट्सॲपवर साध्या युनिकोडमध्ये पाठवा, फोटोवर आधीच चिकटवून पाठवू नका. ल आणि श मराठी वळणाचे असतील असाच फॉन्ट आम्ही निवडतो.

भिंतीवरचा क्रम वर्षाच्या क्रमाने लावला तर ओळी एकमेकींना धरून राहतात : रोवणी, पोळा, वेचणी, पऱ्हाटी उपटणं, मग मोहफुलं. सारखं यमक असलेल्या दोन पाट्या शेजारी आल्या तर मधे दुसरा फोटो घालतो.

येताना फोटो क्रमांक टाकून आणा, आणि प्रत्येकासोबत तीन-चार वाक्यं आपल्या बोलीत लिहा : कुठला आहे, काय चाललं होतं, आवाज-वास काय होता, आधी आणि नंतर काय झालं. ओळी तुमच्याच असतील तर आम्ही फक्त अक्षरं आणि शुद्धलेखन तपासतो. छपाईआधी सर्व पाट्यांची कच्ची प्रत खऱ्या मापात कागदावर काढून देतो. ती घरी भिंतीला लावा, चार पावलं मागे जाऊन मोठ्याने वाचा, आणि सही करून परत द्या. सही आल्याशिवाय सनबोर्डवर छपाई होत नाही.