कढी फुटू नये, गुठळ्या होऊ नयेत, बेसन कच्चं लागू नये म्हणून
(आमच्याकडून ताक आणि बेसन नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

"काल नेलेलं ताक खराब होतं का हो? कढी फुटली." काउंटरवर हा प्रश्न बरेचदा येतो, उन्हाळ्यात जरा जास्तच. ताक जास्त आंबट निघालं असेल तर ते आम्ही बदलून देतो, त्याबद्दल वाद नाही. पण बहुतेक वेळा त्याच पिशवीतलं उरलेलं ताक प्यायला छान लागलेलं असतं. म्हणजे ताकाचं काही बिघडलेलं नसतं, ते तापवताना बिघडतं. म्हणून हे पत्रक.

आपली नेहमीची पातळ, भाताबरोबर ओरपायची कढी डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. पकोडे घातलेली पंजाबी कढी दाट असते, तिच्यात बेसन बरंच जास्त पडतं आणि ती खूप वेळ उकळतात. तिचं गणित वेगळं.

कढी फुटते म्हणजे काय होतं

ताकात दुधातल्या प्रथिनांचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. ताक आंबट असल्यामुळे हे कण एकमेकांना चिकटायला टपलेलेच असतात. उष्णता मिळाली की ते आकसतात, एकमेकांना धरतात आणि पाणी बाहेर टाकतात. पातेल्यात मग एकीकडे पांढरे दाणे आणि दुसरीकडे हिरवट-पिवळं पाणी दिसतं. ताक जितकं आंबट आणि आच जितकी मोठी, तितकं हे लवकर होतं.

बेसन आपण दाटपणासाठी घालतो, पण त्याचं मोठं काम हे फुटणं थांबवण्याचं. साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान बेसनातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, ताक किंचित दाटसर होतं आणि प्रथिनांच्या कणांना एकमेकांपर्यंत पोचणं अवघड जातं. म्हणजे बेसन फुगेपर्यंत ताक जपायचं असतं. एकदा ते फुगलं की कढी बऱ्यापैकी निर्धास्त होते.

गडबड होते ती इथे. बेसन जड, ते ताकात विरघळत नाही, नुसतं तरंगत राहतं आणि ढवळणं थांबलं की तळाशी बसतं. गॅसवर पातेलं ठेवून कोणी कुकरची शिट्टी बघायला वळलं, की दोन-तीन मिनिटांत बेसन बुडाला जाऊन चिकटतं आणि तिथेच शिजून त्याच्या गुठळ्या होतात. वरच्या ताकात बेसन उरतच नाही, म्हणून ते फुटतं. एका काकूंनी तक्रार म्हणून डबाच आणून दाखवला होता. वर रवाळ पांढरे दाणे आणि तळाशी बेसनाचे पिवळे तुकडे. त्यांना वाटत होतं दोन गोष्टी बिघडल्या, ताकही आणि बेसनही. खरं तर ढवळणं मध्येच थांबलं होतं, एवढंच.

एक लिटर ताकाची कढी, पहिल्यापासून

चार जणांना पुरेल एवढ्या कढीसाठी १ लिटर ताक आणि ३ सपाट मोठे चमचे, म्हणजे अंदाजे २५ ग्रॅम बेसन घ्या. घरच्या दह्याचं ताक करणार असाल तर पाव किलो दह्याला पाऊण लिटर पाणी घालून रवीने घुसळा. ताक फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका, अर्धा तास बाहेर राहू द्या. कढीसाठी साधं ताकच घ्या. मसाला ताकात आधीच मीठ असतं.

ताकाची चव घेऊन बघा. दात आंबतील इतकं आंबट असेल तर ते एक-दोन तास न हलवता ठेवा, वर निवळ पाणी साचेल ते ओतून टाका आणि तेवढंच ताजं पाणी घाला. बराचसा आंबटपणा त्या निवळीबरोबर जातो. तरीही शंका वाटली तर बेसन अर्धा चमचा वाढवा.

बेसन चाळून वाटीत घ्या. त्यात सगळं ताक एकदम ओतू नका. आधी तीन-चार चमचे गार ताक घालून भज्यांच्या पिठापेक्षाही घट्ट असं कालवा आणि चमच्याच्या पाठीने वाटीच्या कडेला घोटा. घट्ट असताना गुठळ्या चमच्याखाली सापडतात आणि मोडतात, पातळ झाल्यावर त्या नुसत्या पळतात. गुळगुळीत झालं की थोडं थोडं ताक घालत सैल करा, मग उरलेल्या ताकात मिसळा आणि रवी फिरवा. गरम ताकात कोरडं बेसन कधीच भुरभुरवू नका. बाहेरचं पीठ क्षणात शिजून कवच धरतं, आत कोरडं पीठ तसंच राहतं आणि ती गुठळी मग कितीही ढवळली तरी मोडत नाही.

आता जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ नको, आंबट ताकाला ते चालत नाही. पातेल्यात ठेचलेलं इंचभर आलं, दोन-तीन मिरच्या, हवा असेल तर लसूण, कढीपत्त्याची काही पानं, चमचाभर साखर आणि बेसन लावलेलं ताक एकत्र करा. हळद घालायची की कढी पांढरी ठेवायची हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे. मीठ मात्र आत्ता घालू नका. मिठाने ताक फुटायला मदतच होते, ते शेवटी घाला.

गॅस मध्यमपेक्षा कमी ठेवा आणि ढवळायला लागा. एकाच दिशेने ढवळावं असं सांगतात, पण दिशेने काही बिघडत नाही. पळी बुडाला घासून गेली पाहिजे आणि कडेच्या कोपऱ्यातही फिरली पाहिजे, ते महत्त्वाचं. आठ-दहा मिनिटांत वाफ धरेल, पळी थोडी जड लागेल आणि पाठीवर पातळ थर राहील. बेसन फुगल्याची ही खूण. इथपर्यंत पातेलं सोडून जायचं नाही, फोन आला तरी.

यानंतर गॅस अगदी बारीक करा. कडेने छोटे बुडबुडे येत राहतील, मधे खळखळून उकळी नको. अशी ती आणखी आठ-दहा मिनिटं राहू द्या आणि अधूनमधून ढवळा. मग मीठ आणि कोथिंबीर.

फोडणी वेगळ्या कढल्यात करा. मोठा चमचा साजूक तूप, जिरं, हिंग, चार-पाच मेथीदाणे, सुकी मिरची, आणि ती कढीवर ओता. काही घरी आधी पातेल्यातच फोडणी करून त्यावर ताक घालतात. तसंच करायचं असेल तर पातेलं उतरवून दोन मिनिटं निवू द्या. कडकडीत तुपावर पडणारं पहिलं पळीभर ताक तिथल्या तिथे फुटतं आणि त्याचे दाणे शेवटपर्यंत कढीत दिसत राहतात.

बेसन कच्चं का लागतं

"कढीला उकळी येऊ देऊ नये, वर आली की उतरावी" हे आपण ऐकत आलो आहोत आणि ते चूक नाही. पण निखाऱ्यावर ठेवलेली कढी वर यायला वेळ घेई आणि तेवढ्या वेळात बेसन शिजून जाई. आज मोठ्या गॅसवर ती पाच मिनिटांत वर येते. आपण नियम पाळून उतरवतो आणि बेसन कच्चंच राहतं. कच्च्या हरभऱ्याच्या पिठाचा उग्र वास जायला नुसतं तापणं पुरत नाही, वेळ लागतो. मंद आचेवरची ती शेवटची आठ-दहा मिनिटं त्यासाठीच आहेत.

शिजलं की नाही ते फेसावरून कळतं. कच्चं असताना कढीवर बारीक पांढरट फेस घट्ट बसलेला असतो, शिजत आलं की तो विरतो आणि वरचा भाग तुकतुकीत दिसतो. तरी चमचाभर कढी निववून जिभेवर घ्या. पिठूळ चव टाळूला चिकटली तर आणखी पाच मिनिटं द्या.

वेळ नसेल तर बेसन आधी कोरडंच, मंद आचेवर, रंग न बदलता वास सुटेपर्यंत भाजून घ्या. मात्र भाजल्याने त्याची दाटपणा देण्याची ताकद थोडी कमी होते, म्हणून अर्धा चमचा जास्त घ्या. आमच्या मते रोजच्या कढीला न भाजलेलं बेसनच बरं, खमंगपणा फोडणीतून येऊ द्यावा.

आणि एक. पंधरा-वीस मिनिटं शिजवूनही वास गेला नाही तर तो कच्चेपणा नसून बेसन खवट झालेलं असतं. डब्यातलं चिमूटभर बेसन जिभेवर ठेवा. ताजं बेसन किंचित गोडसर लागतं, जुनं कडवट. ते कितीही शिजवलं तरी सुधारत नाही. तसंच लाडवाचं जाडसर बेसन कढीला वापरू नका. ते झटकन तळाशी बसतं आणि शिजल्यावरही रवाळ लागतं. अशी कढी आणून "फुटली" म्हणणारे आहेत, ती फुटलेली नसते.

बिघडलीच तर

नुकतेच दाणे दिसायला लागले असतील तर पातेलं लगेच उतरवा. चमचाभर बेसन गार पाण्यात कालवून घाला, रवीने जोरात घुसळा किंवा जरा निवल्यावर मिक्सरमधून काढा आणि पुन्हा मंद आचेवर ढवळत तापवा. बरीचशी सावरते. पाणी पूर्ण वेगळं झालं असेल तर ती पुन्हा एकजीव होणार नाही. खायला काही हरकत नसते, फक्त दिसायला वाईट. गुठळ्या झाल्या असतील तर गाळून काढा, पळीने चेपून परत कढीत ढकलू नका. आतलं कोरडं पीठ बाहेर येतं आणि कच्चा वास नव्याने सुरू होतो.

विदर्भातल्यासारखे कढीगोळे करायचे असतील तर वरचं प्रमाण पुरणार नाही. डाळीचे गोळे सोडताना कढी उकळती लागते, नाहीतर ते फुटतात. त्या उकळीला टिकायला लिटरला चार ते पाच चमचे बेसन घ्या आणि कढी एकदा दाटसर झाल्यावरच आच वाढवा.

उरलेली कढी फ्रिजमध्ये घट्ट होते. तापवताना थोडं पाणी घालून मंद आचेवर, ढवळत. शिळ्या कढीला खरोखरच ऊत आणू नये.

ताक नेताना "कढीला हवं" एवढं सांगा. पहिल्या दिवसाचं गोडसर ताक प्यायला चांगलं, पण कढी त्याने मिळमिळीत होते. त्यासाठी आदल्या दिवशीचं, बेताचं आंबट ताक आम्ही वेगळं ठेवतो. बेसनही बारीक दळलेलंच मागा, आणि पावसाळ्यात एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त नेऊ नका.