फॉलिक्युलायटिस डेकॅल्व्हान्स

फॉलिक्युलायटिस डेकॅल्व्हान्स हा टाळूवरील केसांच्या मुळांचा चिवट दाह आहे. तो बहुधा माथ्यावर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला सुरू होतो आणि जिथून जातो तिथे व्रण ठेवतो. फ्रेंच वैद्य कँको यांनी १८८८ मध्ये त्याचे वर्णन केले.

केस गेलेल्या चट्ट्याच्या मधोमध त्वचा गुळगुळीत, फिकट असते. कडेला मात्र लाली, पुवाच्या पुटकुळ्या आणि खपल्या दिसतात. रोग जिवंत असतो तो या कडेला. म्हणून बायोप्सीचा तुकडाही तिथूनच घेतात. मधला भाग तपासला तर बहुतेक नुसता व्रणच हाती लागतो. एकाच छिद्रातून पाच ते वीस केस बाहुलीच्या केसांसारखे झुपक्याने निघतात. शेजारच्या मुळांची तोंडे दाहाने एकमेकांना जुळल्यामुळे असे होते. झुपके इतर व्रणकारी रोगांतही आढळतात, त्यामुळे केवळ त्यांवरून निदान करू नये.

पुवाच्या तपासणीत अनेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू सापडतो. तरीही हा साधा संसर्ग नव्हे. शरीर त्या जीवाणूला अतिरेकी प्रतिसाद देत असावे, असे मानले जाते. गळवाप्रमाणे सात दिवसांच्या अँटिबायोटिकने हा रोग मिटत नाही, त्याचे कारण हेच.

समजा, एखाद्याच्या माथ्यावर चार सेंटिमीटरचा चट्टा आहे. डॉक्टर क्लिंडामायसिन आणि रिफॅम्पिसिन ही दोन अँटिबायोटिके, प्रत्येकी ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दहा आठवड्यांसाठी देतात. तिसऱ्या आठवड्यात पू थांबतो आणि रुग्ण ‘बरे झाले’ म्हणून गोळ्या सोडतो. दोन महिन्यांनी कडेला पुन्हा पुटकुळ्या येतात आणि चट्टा साडेपाच सेंटिमीटरचा होतो. पू थांबला होता, पण मुळांभोवतीचा दाह आत धुमसतच होता. वाढलेल्या दीड सेंटिमीटरमधले केस आता परत येणार नाहीत, कारण नवा केस घडवणाऱ्या मूळपेशी नष्ट होऊन तिथे तंतुमय ऊती भरली आहे.

म्हणूनच उपचारांचे यश नव्या केसांवरून मोजत नाहीत. चट्टा तेवढाच राहिला का, हे दर काही महिन्यांनी एकाच कोनातून काढलेल्या छायाचित्रांवरून पाहतात. बऱ्याच रुग्णांना आधी महिनोन्‌महिने डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात. ते थांबवल्यावर रोग अनेकदा उलटतो. मग वरील जोडी, आयसोट्रेटिनोइन किंवा डॅप्सोन यांचा विचार होतो, सोबत कडेला स्टिरॉइडची इंजेक्शने. रिफॅम्पिसिन एकटे दिल्यास जीवाणू लवकर त्याला दाद देईनासे होतात. त्याने लघवी नारिंगी होते, यात घाबरण्यासारखे काही नाही. पण गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ होऊ शकतात, हे आधीच सांगायला हवे. क्लिंडामायसिनवर असताना जोराचे जुलाब लागले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावे.

केसरोपणाची घाई महागात पडते. रोग दीर्घकाळ शांत नसेल, तर लावलेली मुळेही त्याच दाहात सापडतात.