उसन्या शेअरचा तोटा कुठे थांबतो?

शेअर विकत घेणाऱ्याचा तोटा त्याने मोजलेल्या रकमेपुरताच असतो, कारण भाव शून्याच्या खाली जात नाही. शॉर्ट सेलिंग करणारा मात्र आधी विकतो आणि नंतर विकत घेतो. विकायचे शेअर तो उसने आणतो, त्यामुळे त्याचे देणे पैशांत नसून शेअरच्या संख्येत असते. शंभर घेतले तर शंभरच परत करायचे, मग त्या दिवशी भाव काहीही असो.

हे शेअर बहुतेकदा पेन्शन फंड, विमा कंपन्या किंवा इंडेक्स फंडांकडून दलालामार्फत मिळतात. त्यांना ते वर्षानुवर्षे सांभाळायचेच असतात, तेव्हा तेवढ्यात उसनवारीचे शुल्क पदरात पडते. बदल्यात ते शेअरच्या किमतीहून थोडे जास्त तारण घेतात आणि भाव बदलेल तसे ते रोज नव्याने मोजले जाते. मालकी घेणाऱ्याच्या नावावर जाते, म्हणून तर तो शेअर विकू शकतो; मात्र मधल्या काळात लाभांश मिळाला, तर तेवढी रक्कम त्याने मूळ धारकाला स्वतःच्या खिशातून द्यायची असते. शिवाय मूळ धारक सहसा केव्हाही शेअर परत मागू शकतो, आणि माझ्या मते या व्यवहारातले सर्वांत दुर्लक्षित कलम हेच आहे.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत फोक्सवॅगनचा शेअर पडणार, असे मानून अनेक हेज फंडांनी तो शॉर्ट केला होता. २६ तारखेला, रविवारी, पोर्शने जाहीर केले की तिच्याकडे फोक्सवॅगनचे ४२.६ टक्के शेअर असून आणखी ३१.५ टक्क्यांवरचे ऑप्शन आहेत. लोअर सॅक्सनी राज्याकडे सुमारे २० टक्के होते. म्हणजे बाजारात खुलेपणाने मिळण्याजोगे जेमतेम ६ टक्के उरले, आणि उसने घेऊन विकलेले शेअर त्याहून कितीतरी अधिक होते.

शुक्रवारी सुमारे २१० युरोंवर असलेला भाव मंगळवारी काही काळ १,००० युरोंच्या वर गेला. २१० युरोंनी शंभर शेअर शॉर्ट करणाऱ्याचा नफा, कंपनी बुडाली असती तरी, २१,००० युरोंपलीकडे गेला नसता. १,००० युरोंना ते परत घेताना तोटा मात्र ७९,००० युरोंचा झाला.

अमर्याद तोटा हा अर्थात हिशेबातला शब्द आहे. प्रत्यक्षात त्याआधीच दलाल वाढीव मार्जिन, म्हणजे आणखी तारण, मागतो आणि ते न भरल्यास स्वतःच शेअर विकत घेऊन व्यवहार मिटवतो. पण अशी सक्तीची खरेदीही भाव वरच ढकलते, आणि त्यामुळे पुढच्या शॉर्टवाल्याचे मार्जिन अपुरे पडते. बुधवारी पोर्शने ५ टक्क्यांपर्यंत शेअर बाजारात मोकळे करण्याची तयारी दाखवली, तेव्हा भाव एका दिवसात जवळपास निम्म्यावर आला. मंगळवारीच ज्यांचे व्यवहार मिटवले गेले होते, त्यांना त्या घसरणीचा काहीच उपयोग झाला नाही.