लग्नानंतरचा आभारसंदेश आणि 🙏: वधूपक्षाच्या चार ओळींमागचा इतिहास

लग्न आटोपल्यावर दोन-तीन दिवसांत वधूच्या घरून येणारा संदेश साधारण ठरलेला असतो. उपस्थितीबद्दल आभार, आशीर्वादाबद्दल ऋण, काही उणे राहिले असल्यास क्षमा, खाली कुटुंबाचे नाव आणि शेवटी जोडलेले हात. यातली वाक्ये जुनी आहेत आणि चिन्हे अगदी अलीकडची. गोंधळ झालाय तो या अलीकडच्या भागात.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. निमंत्रण वधूच्या आईवडिलांच्या नावाने जात असे तिथे यजमान तेच, म्हणून आभारही त्यांचेच. आहेराची पोच मात्र पाश्चात्त्य शिष्टाचारात नवरी स्वतःच्या हाताने लिहीत असे, आणि प्रत्येक पत्रात त्या-त्या वस्तूचा उल्लेख असे. म्हणजे कामे दोन होती: आल्याबद्दल आभार आणि दिल्याबद्दल पोच. १८६९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीत पोस्टकार्ड निघाले. पुढे ते जगभर पसरल्यावर दोन-चार ओळींत आटोपणे सभ्य मानले जाऊ लागले. छापील कार्डाने ही दोन्ही कामे एकाच वाक्यात कोंबली आणि ते वाक्य आजही तसेच चालू आहे.

मोबाइलवर आल्यावर हे वाक्य पहिल्यांदा अडले ते एसएमएसमध्ये. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावत, देवनागरीत बहुतेक फोनवर ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजले जाते. ‘शुभाशीर्वाद’ या एका शब्दाला ११ जागा लागतात. ‘आपण उपस्थित राहून वधूवरांना शुभाशीर्वाद दिलेत, त्याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत.’ हे साधे वाक्य ८९ जागा घेते, म्हणजे दोन संदेशांचे पैसे. रोमन लिपीत मराठी आभार लिहिण्याची सवय लागायला हेही एक कारण होते. कार्डावरचा भारदस्तपणा त्यात गेला, आणि नंतर चिन्हे आली तेव्हा ती पोकळी त्यांनी भरून काढली, असे माझे मत आहे.

आता 🙏 कडे वळू, कारण खरा तिढा तिथेच आहे. जपानी मोबाइल कंपन्या १९९७ पासून आपापले चित्रसंच वापरत होत्या. एका कंपनीच्या फोनवरचे चित्र दुसऱ्या कंपनीच्या फोनवर नीट दिसेलच याची खात्री नसे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला जगभर एकच संकेतांक देणारी व्यवस्था. ही चित्रे सगळीकडे चालावीत म्हणून ऑक्टोबर २०१० मध्ये तिच्या ६.० या आवृत्तीत ती घेतली गेली. त्यात जोडलेल्या हातांना U+1F64F हा संकेतांक मिळाला. अधिकृत नावाचा अर्थ होता ‘हात जोडलेली व्यक्ती’, पण बहुतेक फोनवर व्यक्ती कुठेच नाही, नुसते हात. हे हात कशासाठी जोडलेत, हे नाव सांगत नाही. प्रार्थना, नमस्कार, आभार, विनवणी, काहीही घ्या. एकदा दिलेले नाव बदलायचे नाही असा युनिकोडचा नियम आहे, त्यामुळे ते मोघम नाव कायमचे झाले. शोधायला सोपे जावे म्हणून पुढे छोटी नावे आली, त्यातही ‘जोडलेले हात’ एवढेच.

वादाला खतपाणी घातले ते एका चित्राने. एका मोठ्या कंपनीच्या फोनवर सुरुवातीला या हातांमागे पिवळे किरण दाखवले होते. अनेकांना ते दोन माणसांच्या टाळीसारखे वाटले, आणि हे हात एकाचे की दोघांचे यावर इंग्रजी वाचकांत बराच खल झाला. नंतर त्या कंपनीने किरण काढून टाकले. मला हा वाद फुकटचा वाटतो. जपानी वापरात या हातांचे आभार, विनंती आणि माफी असे तीन अर्थ आधीपासून होते. वधूपक्षाच्या संदेशात लागतात तेही जवळपास हेच: आभार, लोभ राहू द्या ही विनंती, आणि उणिवेबद्दल क्षमा. इतके चपखल बसणारे दुसरे चिन्ह त्या संचात नाही. वाकून नमस्कार करणारी आकृती 🙇 आहे, पण आपल्याकडे ती ओशाळलेल्या माणसासारखी वाचली जाते.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याकडे कुणी फारसे बघत नाही. 🙏 आणि 💐 ही जोडी श्रद्धांजलीच्या संदेशातही तशीच्या तशी येते. गटात वर कुणाच्या निधनाची बातमी असेल आणि तिच्याखाली वीस जणांनी 🙏💐 टाकले असेल, तर लगेच खाली लग्नाच्या आभारात तीच जोडी बघवत नाही. अशा वेळी 💐 गाळून 🌸 किंवा 😊 ठेवले की सूर बदलतो. हात पाचदा जोडूनही आदर पाचपट होत नाही. स्क्रीन वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या पाहुण्याला तेच नाव पाच वेळा ऐकावे लागते, ते वेगळेच. त्वचेच्या रंगछटा २०१५ मध्ये आल्या. पण संदेश कुटुंबाच्या वतीने जातो, तिथे हात कुणाचे हा प्रश्न नको म्हणून पिवळाच बरा.

पुढचा बदल पाठवण्याच्या पद्धतीने घडवला. २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. वधूच्या वडिलांनी लिहिलेला मजकूर मावशीने, काकांनी जसाच्या तसा पुढे पाठवला की आभारावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का बसतो आणि जिव्हाळा तिथेच संपतो. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला तर तो शिक्का येत नाही. ब्रॉडकास्ट यादीचा घोळ याहून मोठा. यादीतला संदेश फक्त ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर साठवून ठेवलाय त्यांनाच पोहोचतो. वधूच्या भावाने दीडशे जणांची यादी केली तर आपले नातेवाईक बहुतेक सापडतात, पण वरपक्षाच्या पाहुण्यांकडे त्याचा नंबर असतोच कुठे? ज्यांचे आभार आधी मानायचे तेच नेमके राहतात. संदेशाची माहिती उघडून कुणाकुणाला पोहोचला ते पाहिले की हे लगेच कळते. त्यांच्यासाठी मजकूर वराच्या घरच्या कुणाकडे तरी द्यावा लागतो, किंवा एकेकाला वेगळा पाठवावा लागतो.

अशा यादीतला एक ठरावीक नमुना घेऊ:

‘🙏🙏🙏 आमच्या मुलीच्या विवाहास आपण उपस्थित राहून ❤❤ वधूवरांना शुभाशीर्वाद दिलेत 💐💐 अनवधानाने काही उणीव राहिली असल्यास क्षमस्व 🙏🙏 आपले ऋणी, समस्त परिवार’

यात ‘आभार’ हा शब्दच नाही, तो चिन्हांवर सोपवलाय. आहेराचाही उल्लेख नाही. हृदयाची गंमत आणखी वेगळी. हे चिन्ह युनिकोडमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, तेव्हा ते छापखान्यातल्या नक्षीसारखे साधे काळे बदाम होते. लाल दिसायला त्याच्यामागे U+FE0F ही न दिसणारी खूण लागते. मजकूर या अ‍ॅपमधून त्या अ‍ॅपमध्ये जाताना ती गळली की काही पडद्यांवर बदाम काळा दिसू शकतो. पाठवण्याआधी मजकूर स्वतःलाच पाठवून दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर बघितला की हे पकडता येते.

तोच संदेश मी असा लिहीन:

‘सप्रेम नमस्कार. आमच्या मुलीच्या विवाहाला आपण वेळ काढून आलात आणि वधूवरांना आशीर्वाद दिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार 🌸 धावपळीत आपली विचारपूस करायची राहिली असेल तर क्षमा असावी. लोभ आहेच, तो वाढावा 🙏 – वधूचे आईवडील व परिवार’

हात एकदाच आहेत, तेही विनंतीनंतर आणि नावाच्या अगदी आधी. आहेर इथे मुद्दाम गाळला आहे. ज्यांनी काही आणले नाही त्यांनाही हाच मजकूर जाणार, आणि ज्यांनी आणले त्यांना वस्तूचे नाव घेऊन लिहिलेली वेगळी ओळ नवरीकडून जायला हवी.